हाताने लिहिलेल्या पावत्या खर्चाच्या तक्त्यात उतरवताना बेरीज का चुकते? अनुभव लिहा

उद्यमनगरची लेथ-वेल्डिंगची बिलं, लक्ष्मीपुरीतली किराणा बिलं, टेम्पोभाडं, हमाली. महिनाअखेरीला ही सगळी हस्तलिखितं तक्त्यात उतरतात आणि पावतीवरच्या एकूण रकमेशी जुळत नाहीत. फरक कुठे शोधायचा, एवढंच इथे लिहा. कंपनीच्या धोरणाच्या तक्रारी नकोत.

खतावणी
आधी उतरवायचं, मग तपासायचं. दोन्ही एकदम केलं की डोळा एकूण रकमेला जुळेल असाच आकडा वाचतो. म्हणून नग, दर आणि रक्कम तीन रकान्यांत पावतीवर आहे तसं टाका, चूक दिसली तरी दुरुस्त करू नका. एकूण आकडा सगळ्यात शेवटी वाचा. मग फरक काढा:

```
=SUM(E2:E5)-E6
```

समजा अशी पावती आहे: बुश टर्निंग ४ नग, दर १८०, रक्कम ७२०. कीवे २ नग, दर १४५, रक्कम २९०. वेल्डिंग २७५. हमाली ६०. एकूण १३४५, खाली अक्षरी 'तेराशे पंचेचाळीस'. तक्त्यातला फरक आला २७,२२५. हा आकडा बघून घाबरायचं नाही, त्याला ९९ ने भागा. उत्तर २७५, म्हणजे वेल्डिंगची ओळ. बिलबुकात रुपये आणि पैसे यांच्यामधली रेघ कार्बन कॉपीत उमटत नाही, त्यामुळे २७५ च्या शेजारचे पैशाचे ००ही रुपयांत गेले आणि २७,५०० झाले.

लेथवाला_कोप
फरकाला ९ ने भाग गेला की दोन आकडे उलटसुलट झालेत, हे सरळ सूत्र आहे भावा. एकूण १३४५ ऐवजी १३५४ टाकलं तर फरक बरोबर ९. लगेच सापडतं.

खतावणी
अर्धं बरोबर. एक शून्य जास्त पडलं तरी ९ ने भाग जातो: ६० चे ६०० झाले तर फरक ५४०. वरच्या २७,२२५ लाही ९ ने भाग जातोच. म्हणून आधी फरक ९९ ने भागून बघा, मग ९ ने. भागाकार पावतीतल्या एखाद्या रकमेएवढा आला तर शून्याचा घोळ, नाही आला तर अदलाबदल. शिवाय दोन चुका एकाच पावतीत असल्या तर यातलं काहीच चालत नाही.

शाहूपुरीकर
आपल्याकडचा खरा घोळ अंकांच्या मिसळीचा आहे. दुकानदार दर मराठीत लिहितो, रक्कम इंग्रजीत. मराठी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, ४ आठसारखा, आणि घाईत लिहिलेला ५ चारसारखा. त्यामुळे मराठी १४५ इंग्रजी समजून वाचला तर चक्क ९८४ होतो. आडवा गुणाकार केला की हे पकडता येतं: २ × ९८४ म्हणजे १,९६८, आणि समोर तर २९० लिहिलेत. फरक ८, ८० किंवा ८०० आला तर आधी १ आणि ९ बघायचे.

आडवा गुणाकार सोडू नका, याला दुसरंही कारण आहे. दुकानदारानेच २ × १४५ चे २८० लिहिले आणि एकूण १३३५ केली, तर उभी बेरीज चोख जुळते. चूक फक्त आडवी दिसते.

रंकाळ्याकाठी
पेट्रोलपंपाची पावती दोन महिन्यांत कोरी पडते, तिचं काय करायचं?

शाहूपुरीकर
ती छापील असते, इथला विषय हाताने लिहिलेल्यांचा. तरी सांगतो, त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ पावतीला जोडा.

मीटर_डाऊन
'४५०/-' तसंच टाइप करू नका. तो रकाना मजकूर होतो, SUM त्याला सोडून देतो आणि फरक नेमका ४५० चा येतो. आकडा रकान्यात डावीकडे चिकटलेला दिसला की हेच समजा. उलट ती तिरकी रेघ कुणी १ म्हणून वाचली तर ४,५०१ होतात.

लेथवाला_कोप
आकडा आणि अक्षर जुळले नाहीत तर अक्षर खरं, असा कायदाच आहे ना?

खतावणी
तो चेकचा नियम, १८८१ च्या कायद्याचा. पावतीत प्रश्न हा की प्रत्यक्षात दिले किती. शिवाय अक्षरी लिहितानाही गडबड होते. 'पावणेतीनशे' कुणी ३७५ वाचतं, कुणी ३२५. ते २७५ आहेत. 'साडेबाराशे' १,२५०. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर पुसट कार्बनवर सारखेच दिसतात. अक्षरी रक्कम साक्षीदार म्हणून घ्या, न्यायाधीश म्हणून नको.

मीटर_डाऊन
आणि दुकानदाराने 'वरचे ५ राहू द्या' म्हणून १३४० च घेतले, पावतीवर मात्र १३४५ च राहिले तर?

शाहूपुरीकर
१३४० च मागायचे, शेऱ्यात 'सूट ५' लिहायचं. पावतीवर आपल्या पेनाने खाडाखोड अजिबात नको, दुरुस्ती दुकानदाराच्या हाताने आणि सहीने.

खतावणी
इथे माझं मत वेगळं आहे. सूट वेगळ्या ओळीत वजा ५ अशी दाखवा, म्हणजे तक्त्यातल्या वस्तूंची बेरीज पावतीशी जुळते आणि मागणी १३४० च राहते. शेऱ्यातली सूट तपासणारा वाचतच नाही.

शाहूपुरीकर
वजा ओळ दिसली की तपासणारा आणखी चार प्रश्न विचारतो, त्याचं काय?