व्हिडिओवर छापलेला वेग आणि नकाशा: झाकायचा का, आणि कशाने?

सुपारीबाग: दाभोळजवळच्या आमच्या घरातून निघून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि गुहागरमार्गे हेदवीपर्यंत बाईकने गेलो. सगळं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात आहे. अ‍ॅपने डावीकडे खाली वेगाचा काटा, उजवीकडे खाली नकाशा आणि वर उंची छापून दिली. नकाशाची रेघ थेट आमच्या दारातून सुरू होते. घरचे सगळे मुंबईत, घर शिमग्यापर्यंत बंद. नकाशा ब्लर करून टाकला तर पुरे ना? की मी उगाच धसका घेतोय?

खाडीकाठचा: कोण एवढं बघत बसतंय! ब्लर कर आणि सुरुवातीची पाच मिनिटं काप. घर दिसलंच नाही तर प्रश्नच मिटला.

घाटवाट: कापायचं बरोबर, पण मूळ फाइलवर. छापील व्हिडिओ कापून घर जात नाही. बऱ्याच अ‍ॅपमध्ये पूर्ण रेघ पहिल्या फ्रेमपासूनच काढलेली असते, ठिपका तेवढा तिच्यावरून सरकतो. पाच मिनिटं उडवलीत तरी सहाव्या मिनिटाच्या नकाशात घरापासूनचा तुकडा तसाच असेल.

आणि ब्लरने नावं पुसतात, आकार पुसत नाहीत. पश्चिमेला समुद्राचा निळा, मधून वाशिष्ठीच्या मुखाचा निळा पट्टा, त्याच्या उत्तरेला रेघेचं टोक. इकडचा कोणीही माणूस खाडी ओळखेल, मग टोक शोधायला कितीसा वेळ लागतो? काट्याचंही तेच, आकडे धूसर झाले तरी सुईचा कोन दिसतो. झाकायचंच तर भरीव चौकोनाने झाका.

कार्डावरची मूळ फाइल आहे का अजून? तिच्यावर सहसा काही छापलेलं नसतं. जीपीएसची माहिती फाइलच्या पोटात वेगळी असते आणि अ‍ॅप ती एक्सपोर्ट करताना चित्रावर चढवतं. तिथे आधी दोन्ही टोकं कापा, मग नकाशा बंद ठेवून पुन्हा एक्सपोर्ट करा.

सुपारीबाग: कार्ड फॉरमॅट केलं हो. हीच एक १९२० बाय १०८० ची फाइल उरली आहे.

घाटवाट: मग चौकोनच. एक फ्रेम चित्र म्हणून काढा, ती कुठल्याही चित्र-एडिटरमध्ये उघडा आणि नकाशाचा वरचा डावा कोपरा मोजा. समजा तो १५७०, ७३० वर आहे आणि नकाशा ३२० चौरस, तर:

```
ffmpeg -i ride.mp4 -vf "drawbox=x=1560:y=720:w=340:h=340:color=black:t=fill" -map_metadata -1 -dn -c:a copy saaf.mp4
```

प्रत्येक बाजूला १० पिक्सेल जास्त धरलेत, कारण नकाशाच्या कडेला सावली असते. `-dn` मुळे पोटातली जीपीएसची माहिती नव्या फाइलीत येत नाही. नंतर `exiftool -ee saaf.mp4` चालवा आणि GPS च्या ओळी उरल्यात का बघा. व्हिडिओ शेवटपर्यंत पळवूनही बघा, काही अ‍ॅप शेवटी पूर्ण मार्गाचं मोठं चित्र दाखवतात. कव्हरचं चित्रही नव्या फाइलीतूनच घ्या.

काळा ठोकळा डोळ्यांत खुपत असेल तर उभा व्हिडिओ करा. `crop=606:1080:657:0` ने मधला पट्टा राहतो आणि दोन्ही खालचे कोपरे आपोआप जातात. चित्र मात्र अरुंद होतं, समुद्र अर्धाच दिसतो.

निवृत्त चालक: घर लपवा, ते योग्य. वेग का लपवता? एसटी चालवली आहे मी या वळणांवर. ज्याला काटा झाकावासा वाटतो, त्याने आधी हात सैल सोडावा.

खाडीकाठचा: काका, उलट आहे. काटा दिसला की पोरं खाली कमेंटमध्ये पैज लावतात, ‘मी याच वळणावर ऐंशीने गेलो’. न दाखवलेलाच बरा.

वेळणेश्वरी: माझ्याकडे तर किनाऱ्यावर उभं राहून उंची उणे ६० च्या आसपास दाखवते! मी लाजेनेच झाकते. कॅमेरा बिघडलाय का?

घाटवाट: नाही. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या कल्पित गुळगुळीत आकारापासून, आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी त्या आकाराच्या साधारण तेवढीच खाली आहे. काही मॉडेल हा फरक दुरुस्त करून दाखवतात, काही नाही. झाका किंवा राहू द्या, त्यावरून घर सापडणार नाही.

काका, वेगाबद्दल एक गोष्ट मात्र सांगतो. काटा उघडा असेल तर घर ते जेटी हे अंतर वेग आणि वेळ गुणून काढता येतं. म्हणून निदान जेटीपर्यंतचा भाग तरी कापाच.

निवृत्त चालक: ते मान्य. जेटीनंतरचा काटा तरी उघडा ठेवा, मग बोलू.

सुपारीबाग: जेटीआधीचं सगळं कापतो, नकाशावर चौकोन. काट्याचं अजून ठरत नाही. हेदवीच्या उतारावर तो ७२ दाखवतोय आणि काका ते नक्की बघणार.

खाडीकाठचा: मग तेवढ्या उतारापुरता उभा पट्टा कर!

निवृत्त चालक: बघा, म्हणजे लपवायचंच आहे.