मदत हवी आहे: अनुवादित पाककृतींच्या पुस्तकातली मापांची टीप

नमस्कार मंडळी. ब्रेडच्या एका अमेरिकी पुस्तकाचा अनुवाद करते आहे आणि वाचकांसाठीच्या टिपेत मिठापाशी अडकले आहे.

एका कृतीत 500 ग्रॅम मैद्याला 1 मोठा चमचा जाडं मीठ सांगितलंय. मोठा चमचा म्हणजे 3 छोटे चमचे. बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा साधारण 6 ग्रॅम भरतो, पण पोकळ खड्यांचं जाडं मीठ त्याच चमच्यात जेमतेम 3 ग्रॅम मावतं. वाचकाने घरातलं बारीक मीठ तेवढंच घातलं, तर 9 ऐवजी 18 ग्रॅम जाईल. ब्रेड खारट होईलच, शिवाय यीस्ट मंदावून पीठही नीट फुगणार नाही.

ब्रेडमध्ये मीठ सहसा मैद्याच्या 2 टक्क्यांच्या आसपास असतं. त्या हिशेबाने मूळ लेखिकेला 9 ग्रॅमच अभिप्रेत असावेत, म्हणून मी 'दीड छोटा चमचा बारीक मीठ (9 ग्रॅम)' असं लिहिलंय. पण काही जाडी मिठं चमच्याला 5 ग्रॅमच्या जवळपास भरतात आणि पुस्तकात कोणतं ते दिलेलं नाही. सूप-भाज्यांना तर टक्क्यांचा आधारही नाही. तिथे 'आधी अर्धं घाला, चाखून वाढवा' एवढंच लिहावं का?

आणि मूळ माप कृतीतच कंसात ठेवावं, की फक्त सुरुवातीच्या टिपेत? टीप न वाचता थेट कृतीवर येणारे वाचक बरेच असतात, त्यामुळे माझा कल कृतीत ग्रॅम देण्याकडे आहे. असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.