शब्दचर्चा: ‘शनिवारी रात्री २ वाजता’ म्हणजे नेमकी कोणती रात्र?

विश्रामबागकर: सांगलीतल्या आमच्या ऑफिसात सुट्टीत नेटवर्कचं काम निघालंय. सूचना मला लिहायची आहे. मसुदा असा: ‘शनिवारी रात्री २ ते ६ सेवा खंडित राहील. त्यानंतर संगणक व प्रिंटरचे पत्ते बदललेले असतील.’ एकीनं विचारलं, म्हणजे शुक्रवारी झोपल्यावर का? दुसऱ्यानं विचारलं, ऑफिस कुठं हलतंय?

तासगावकर: यात शंका कसली? आपला वार सूर्योदयाला बदलतो. शनिवारी रात्री २ म्हणजे शनिवार मावळल्यानंतरचे २.

मिरजकर: बोलताना तसंच म्हणतात, पण कॅलेंडर आणि सर्व्हर मध्यरात्रीच वार बदलतात. आमच्याकडे अशाच वाक्यावर ठेकेदारानं शुक्रवार उलटल्यावर स्विच काढला. तेव्हा बॅकअप चालू होता, तो अर्धवट राहिला. दोन्ही वार लिहा: ‘शनिवार संपून रविवार उजाडण्याआधी, पहाटे २ ते ६’, आणि पुढे रविवारची तारीख.

विटेकर: ‘खंडित’ काढाच. आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात ते वाचून सगळ्यांना वीज जाणार वाटलं. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवला, फाइल मात्र कुणीच आपल्या संगणकावर उतरवून घेतली नाही.

तासगावकर: शब्द शुद्ध आहे हो.

मिरजकर: शुद्ध आहेच, पण महावितरणच्या सूचनांमुळे तो विजेला चिकटलाय. ‘वीज चालू राहील, इंटरनेट, सामायिक फोल्डर आणि छपाई बंद राहील’ असं लिहा. आणि नुसतं ‘पत्ता’ नको, ‘आयपी पत्ता’ म्हणा. काय बदलणार आहे?

विश्रामबागकर: आत्ता सगळे `192.168.1` नं सुरू होतात, पुढे `192.168.20` होतील.

मिरजकर: मग सोमवारी आधी संगणक रीस्टार्ट करायला सांगा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाकायला:

```
ipconfig
```

`192.168.20` दिसलं की झालं. `169.254` दिसलं तर संगणकानं पत्ता मागितला, पण द्यायला कुणी भेटलं नाही. केबल किंवा स्विचचं पोर्ट बघा. रीस्टार्टनंतरही जुनाच पत्ता असेल तर बहुधा तो कधीतरी कुणी हातानं घातलेला आहे.

खरा घोळ प्रिंटरचा होतो. प्रिंटरला नवा पत्ता दिला तरी संगणकातल्या प्रिंटर पोर्टमध्ये जुनाच राहतो. कागद रांगेत अडकतात आणि माणूस टोनर हलवत बसतो. सूचनेत लिहा: ‘एक पान छापून पाहा. न आल्यास पुन्हा पुन्हा प्रिंट देऊ नका, कळवा.’ नाहीतर पोर्ट दुरुस्त झाल्यावर तीच पानं दहादा बाहेर पडतात.

विश्रामबागकर: हे सगळं घेते. पण २ वाजता ‘पहाट’ म्हणायचं? माझ्या आजीची पहाट चारला व्हायची.

तासगावकर: दोनला उत्तररात्र. पहाट मुळीच नाही.

विटेकर: उत्तररात्र आमच्या पोरांना कळायची नाही. ‘मध्यरात्रीनंतर २’ लिहा.

मिरजकर: मला अजूनही पहाटच बरी वाटते, निदान ती रविवारची आहे हे कळतं.