मदत हवी आहे: पंचची वेळ आणि पगाराचे तास जुळत नाहीत (न्यू जर्सी, ताशी पगार)

गोदामातलं घड्याळ वेळ जवळच्या पाव तासाला नेतं. ८:५३ ला पंच केलं तर ९:००, ५:०७ ला बाहेर पडलं तर ५:००. वर जेवणाचा अर्धा तास आपोआप कापला जातो, फोन घेत काम चालू असलं तरी. म्हणजे प्रत्यक्ष काम ८ तास १४ मिनिटं, पगार साडेसात तासांचा.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमात असं राउंडिंग चालतं, पण कालांतराने दोन्ही बाजूंना सारखं पडलं पाहिजे. इथे रोज कामगाराचंच जातंय. जेवणात कामातून पूर्ण सुटका नसेल, तर तो वेळही पगारी.

मूळ पंच लेखी मागताना नेमकं काय लिहावं? कापलेल्या जेवणाच्या वेळेला कोणता पुरावा चालतो?