मदत हवी आहे: षटकोनी छपराचा पत्रा १०८ की १२१ चौरस फूट?

शेतावर सहा खांबांची बसायची जागा बांधतोय. नियमित षटकोन, प्रत्येक बाजू ६ फूट, मधलं टोक तुळईच्या पातळीपासून ३ फूट उंच. पत्रा किती लागेल यावर माझं आणि वेल्डरचं जमत नाहीये. त्याने मध्यापासून खांबापर्यंतचे ६ फूट धरून √(३६+९) म्हणजे ६.७१ फूट काढले आणि १२१ चौरस फूट सांगितलं. माझं १०८ येतंय. कोण चुकतंय?
– बांधावरचा

नाईलकाठी: सोपं आहे. बाजूची अर्धी घ्या. गिझाचा मोठा पिरॅमिड बघा, बाजू २३० मीटर, मूळ उंची साधारण १४६.६. अर्धी ११५, म्हणून तिरकस उंची १८६ मीटर. तुमची अर्धी ३, तर √(९+९) = ४.२४ फूट. पत्रा ७६ चौरस फूट.

खडूवाली ताई: गिझाचं बरोबर, पण तिथे पाया चौरस आहे म्हणून अर्धी बाजू चालते. हवं असतं ते मध्यापासून बाजूच्या मधोमध असलेलं अंतर, म्हणजे अपोथेम. चौरसात ते अर्ध्या बाजूएवढं, षटकोनात मात्र बाजूच्या ०.८६६ पट. इथे ५.२ फूट. त्याचा वर्ग २७, उंचीचा ९, बेरीज ३६. तिरकस उंची बरोबर ६ फूट. परिमिती ३६, तिचा अर्धा १८, गुणिले ६ म्हणजे १०८.

वेल्डरदादांचे ६.७१ वाया जात नाहीत बरं का. टोकापासून खांबापर्यंतचा पाइप तेवढ्याच लांबीचा कापायचा. फक्त तो त्रिकोणाची कड आहे, उंची नव्हे. जागेवर ताडून बघा: समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मध्यांत टेप धरली तर १०.४ फूट भरायला हवेत. १२ भरले तर टेप खांबावर गेली.

कंदीलवेडा: माझ्या पाचकोनी आकाशकंदिलाला समोरची बाजूच नाही, टेप कुठे धरू? बाजू २० सेंमी.

खडूवाली ताई: ०.६८८ ने गुणा, १३.८ सेंमी. पण कंदिलाचा धागा वेगळा काढा की!

बांधावरचा: आभार. पागोळ्यांसाठी उताराच्या दिशेने १ फूट पत्रा बाहेर ठेवणार आहे. म्हणजे ३६ वाढवून १४४?

खडूवाली ताई: १४७. तिरकस उंची ६ ची ७ झाली की खालची बाजूही ६ ची ७ होते. १०८ × ४९ ÷ ३६. ते ३ चौरस फूट कोपऱ्यांत असतात, तिथूनच पाणी आत येतं.

पत्रेवाला: कागदावर १४७. मी त्रिकोण उलटसुलट मांडून कापतो, तरी तुकडे उरतातच.

नाईलकाठी: नालीदार पत्रा उलटा मांडला तर जोडावर नाळी जुळते का?

पत्रेवाला: पत्र्यावर अवलंबून. साध्या गोल नालीला जुळवलंय, चौकोनी प्रोफाइलला एकदा फसलो. कुठला घेताय?