अनुभव धागा: गेट रिव्ह्यूमधला ‘अटींसह होकार’ आणि पुढे त्या अटींचे काय होते

उलटतपासणी (धागाकर्ता)

नव्या उत्पादनाच्या विकासात प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गेट रिव्ह्यू होतो आणि तेथे चारच निर्णय अपेक्षित असतात: पुढे जाणे, प्रकल्प बंद करणे, तूर्त बाजूला ठेवणे, किंवा त्याच टप्प्यात परतून राहिलेले काम पुरे करून येणे. प्रत्यक्षात मी सर्वाधिक वेळा पाहिलेला निर्णय या चारांत बसत नाही. तो म्हणजे ‘अटींसह होकार’. बैठकीच्या इतिवृत्तात चार-पाच अटी लिहिल्या जातात, सगळे समाधानाने उठतात आणि काम पुढे सरकते.

या धाग्यासाठी मी मुद्दाम एकच गेट निवडले आहे: डिझाइन गोठवून टूलिंगची ऑर्डर देण्याआधीचे. तोपर्यंतचा खर्च मुख्यतः माणसांच्या वेळेचा आणि नमुन्यांचा असतो. त्यानंतर मात्र पोलादी साच्यांवर मोठी रक्कम एकदम जाते आणि ती परत मिळत नाही. या गेटवर तुमच्याकडे काय ठरले, कशाच्या आधारे ठरले आणि अटींचे पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे. कंपन्यांची नावे नकोत.

आडवाट

मी यांत्रिक डिझाइनमध्ये आहे. आमचे उत्पादन म्हणजे बॅटरीवर चालणारा, तापमानाची नोंद ठेवणारा एक छोटा लॉगर. तो एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही कोरडा असला पाहिजे, ही गेटची सक्तीची कसोटी होती. पाच नमुने या चाचणीत उत्तीर्ण झाले होते. ते सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून केलेले होते आणि प्रत्यक्ष उत्पादनात मात्र काचतंतूमिश्रित नायलॉन वापरायचे होते.

गेटच्या बैठकीत हा फरक कोणी लपवला नाही. चाचणी अहवालाच्या पहिल्याच पानावर नमुन्यांची सामग्री लिहिलेली होती. तरीही कसोटीपुढे ‘पूर्ण’ अशी खूण झाली आणि ‘उत्पादनाच्या सामग्रीत चाचणी पुन्हा घ्यावी’ ही अट जोडून टूलिंगला परवानगी मिळाली. अट अगदी योग्य होती. पण ती पुरी करण्यासाठी लागणारा पहिला नायलॉनचा भाग त्याच टूलमधून निघणार होता. म्हणजे पैसे खर्च झाल्यावरच अट तपासता येईल, अशी तिची रचना होती.

टूल आले, भाग निघाले आणि झाकण किंचित वाकलेले दिसले. काचतंतू असलेले नायलॉन प्रवाहाच्या दिशेने कमी आणि आडवे जास्त आकसते, त्यामुळे लांबट, सपाट भाग थंड होताना पिळवटतो. गॅस्केट कोपऱ्यांत नीट दाबले जात होते, पण लांब कडेच्या मध्यावर त्यावर पुरेसा दाब येत नव्हता. पाणी तेथूनच शिरत होते. ओतीव नमुन्यांत ना काचतंतू होते, ना इंजेक्शनचा दाब, त्यामुळे त्यांच्यात हा दोष दिसणे शक्यच नव्हते. शेवटी झाकणाला आतून फासळ्या वाढवल्या, स्क्रूच्या जागा बदलल्या आणि टूलचा एक अर्धा भाग नव्याने करावा लागला.

शून्यलब्धी

चांगला विषय आहे. आमच्याकडेही गेट आहेत, परंतु ती स्वयंचलित आहेत. कोडची चाचणी फसली की बिल्ड पुढे जात नाही, त्यामुळे अटींसह होकार हा प्रकार उद्भवतच नाही. उत्पादन विकासातही हेच करावे असे वाटते.

उलटतपासणी

शून्यलब्धी, आपण म्हणता ती गुणवत्तेची तपासणी आहे आणि तिचे उत्तर यंत्र देऊ शकते. येथे प्रश्न गुंतवणुकीचा आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण होऊनही बाजार बदलल्यामुळे प्रकल्प बंद करणे योग्य ठरू शकते आणि एखादी चाचणी फसूनही पुढे जाणे शहाणपणाचे असू शकते. तरी ‘अट पुरी न झाल्यास वाट आपोआप बंद’ हा आपला मुद्दा मी बाजूला टाकत नाही.

मोजपट्टी

आडवाट यांच्या अनुभवातील ‘पाच नमुने उत्तीर्ण’ या शब्दांपाशी मी थांबलो. विश्वासार्हतेच्या चाचण्या हेच माझे काम आहे. समजा, तयार मालातील 100 पैकी फक्त 63 लॉगर पाणी रोखू शकतात. असा माल कोणीही विकणार नाही. तरीही त्यातून कोणतेही पाच उचलले, तर पाचही उत्तीर्ण होण्याची शक्यता सुमारे 10 टक्के असते. याचाच अर्थ असा की एकही अपयश न येता पाच नमुने उत्तीर्ण झाले, तर 90 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की निदान 63 टक्के माल चांगला आहे. किमान 90 टक्के माल चांगला आहे असे तितक्याच खात्रीने म्हणायचे, तर एकही अपयश न येता 22 नमुने उत्तीर्ण व्हावे लागतात.

गेटच्या कसोटीत ‘जलरोधक चाचणी उत्तीर्ण’ एवढेच लिहिले की दोन नमुन्यांनीही ती पुरी होते. म्हणून नमुन्यांची संख्या, ते कोणत्या प्रक्रियेने केलेले असावेत आणि किती अपयशे चालतील, या तीनही गोष्टी आधीच्या गेटवर, म्हणजे निकाल हाती येण्यापूर्वी, लिहून घ्याव्यात असा माझा आग्रह असतो. निकाल पाहून ठरवलेली कसोटी नेहमी निकालाच्या मापाची निघते. अर्थात आडवाट यांच्याकडे ओतीव नमुने 22 काय, 100 तपासले असते तरी उपयोग नव्हता; प्रक्रियाच वेगळी असेल तर नमुने वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

पाचवा_कोपरा

मला ही सगळी चर्चा अतिसावध वाटते. टूलमध्ये बदल करता येतात, सगळेच करतात. पहिल्या प्रयत्नात परिपूर्ण भाग देणारे टूल मी अजून पाहिलेले नाही. गेटवर महिना घालवण्यापेक्षा टूल करून शिकणे स्वस्त पडते, कारण खरी माहिती तेथेच मिळते.

आडवाट

अर्धे मान्य आहे. साच्यातील धातू कापून काढणे सोपे असते, भरणे अवघड. म्हणून शंका असलेल्या मापाला आम्ही साच्यात मुद्दाम जास्त पोलाद ठेवतो, म्हणजे पुढे थोडे कापून भागाची जाडी वाढवता येते. फासळ्यांचे चर अशाच प्रकारे कापता आले. परंतु स्क्रूची जागा सरकवायची असेल तर जुना खड्डा वेल्डिंगने भरावा लागतो किंवा तो तुकडा बदलावा लागतो, आणि आमच्या बाबतीत तेथून शीतकरणाची वाहिनी जात होती. कोणती शंका ‘कापून सुटणारी’ आहे आणि कोणती नाही, हे गेटवर कोणीही विचारले नव्हते. तो प्रश्न पाच मिनिटांचा होता.

जमाखर्च

मी वित्त विभागातून गेटच्या बैठकांना बसते. आडवाट यांच्यासारख्या प्रसंगी मी फळ्यावर एक साधे गणित मांडते. रक्कम कोणत्याही एककात धरावी.

समजा, टूलिंग आणि बाजारात आणण्याचा खर्च 30 आहे, आणि डिझाइन टिकले तर बाजारातील अनिश्चितता धरूनही 60 इतका लाभ अपेक्षित आहे. डिझाइन टिकण्याची शक्यता 60 टक्के. आज थेट टूलिंगला गेलो तर अपेक्षित लाभ 60 चे 60 टक्के म्हणजे 36, वजा 30, उरतात 6. आकडा धन आहे, म्हणून होकार मिळतो. आता दुसरा मार्ग: 3 एकके खर्चून अॅल्युमिनियमचे तात्पुरते टूल करायचे, खऱ्या नायलॉनचे भाग तपासायचे आणि ते टिकले तरच 30 खर्च करायचे. मग 60 टक्के शक्यतेने 30 चा लाभ, म्हणजे 18, वजा 3, उरतात 15. विलंबामुळे अपेक्षित लाभ 60 वरून 45 पर्यंत घसरला, तरच दोन्ही मार्ग समान ठरतात. इतके नुकसान काही आठवड्यांच्या उशिराने खरेच होणार आहे का, हा प्रश्न मग विक्री विभागाला नेमकेपणाने विचारता येतो.

यात आजवर खर्च झालेली रक्कम कोठेही येत नाही, आणि बैठकीत सर्वाधिक वेळ मात्र तिच्यावरच जातो.

पाचवा_कोपरा

पण आपण डिझाइन टिकले नाही तर टूल भंगारात जाते असे धरले आहे. दुरुस्ती 8 एककांत होत असेल तर?

जमाखर्च

तर आकडे बदलतात, आणि बदलावेतच. अपयशाच्या 40 टक्के शक्यतेत 8 खर्चून लाभ पूर्ण मिळत असेल, तर थेट टूलिंगचा अपेक्षित लाभ 60 वजा 30 वजा 3.2, म्हणजे 26.8 होतो आणि आपला मार्ग सरस ठरतो. म्हणून तर खरा वाद ‘दुरुस्ती शक्य आहे का’ याच मुद्द्यावर व्हायला हवा. तो गेटवर न होता टूल आल्यावर होतो, हीच माझी तक्रार आहे.

सुकाणू

मी अनेक वर्षे प्रकल्प व्यवस्थापनात आहे. माझ्या अनुभवात अटींसह होकार हा बहुधा तांत्रिक निर्णय नसतो. नकार कोणी द्यायचा हा पेच सोडवण्याचा तो सभ्य मार्ग असतो. सर्वांत वरिष्ठ व्यक्ती आधी बोलली की बाकीचे गुण तिच्या मताभोवती गोळा होतात. एका ठिकाणी आम्ही चर्चेपूर्वी प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लेखी गुण घेऊ लागलो. सरासरीत फारसा फरक पडला नाही, पण एकाच मुद्द्याला कोणी 9 तर कोणी 3 दिलेले दिसू लागले, आणि चर्चा नेमकी त्या फरकावर होऊ लागली.

अटींबाबत आमचा नियम असा होता: प्रत्येक अटीला एक जबाबदार व्यक्ती, एक तारीख, आणि ती तारीख चुकल्यास कोणता खर्च थांबेल याची नोंद. तिसरा भाग लिहिता येत नसेल तर ती अट न मानता केवळ सूचना मानायची. या नियमामुळे अटींची संख्या कमी झाली, असे मी खात्रीने सांगू शकतो. प्रकल्प बंद होण्याचे प्रमाण मात्र वाढले नाही; त्याऐवजी ‘परत जाऊन काम पुरे करा’ हा निर्णय वाढला आणि काही मंडळींनी त्यालाच अनिर्णय म्हणायला सुरुवात केली. त्यांचे अगदी चुकीचे होते असेही नाही. एक प्रकल्प इतक्या वेळा परत गेला की त्यातील माणसे दुसरीकडे हवी असूनही अडकून पडली. आज मला वाटते की तो पहिल्यांदा परत आला तेव्हाच बंद करायला हवा होता, परंतु तेव्हा हातात असलेल्या माहितीवरून तसे म्हणता आले असते का, याबद्दल आमच्या संघात आजही एकमत नाही.

नवागत

मी अशा बैठकीला अजून बसलेलो नाही, म्हणून विचारतो. टूल बनवण्याचा काळ लांब असतो. मग अट पुरी होईपर्यंत ऑर्डरच थांबवायची, की काही सुरू करता येते?

आडवाट

ऑर्डरचे दोन भाग करता येतात. टूलचे डिझाइन, प्लास्टिकच्या प्रवाहाचे संगणकीय विश्लेषण आणि भागाच्या रचनेवर टूलरूमचे अभिप्राय यांना आधी परवानगी द्यायची. पोलाद कापण्याची परवानगी वेगळ्या सहीने द्यायची. पहिल्या भागाचा खर्च तुलनेने लहान असतो आणि त्याच काळात तात्पुरत्या टूलचे भाग तपासून होतात. झाकण वाकण्याची शक्यता प्रवाहाच्या विश्लेषणातही बऱ्याचदा दिसते, मात्र काचतंतूंची दिशा त्यात धरलेली असली पाहिजे.

पाचवा_कोपरा

कागदावर हे उत्तम आहे. टूलरूमने मशीनवरची तुमची वेळ दुसऱ्याला दिली की दुसरी सही मिळूनही तुम्ही रांगेच्या शेवटी जाता. आमचे तसेच झाले. ती वेळ राखून ठेवण्यासाठी पैसे मोजायला वित्त विभाग तयार असतो का, हे जमाखर्च यांनी सांगावे.

जमाखर्च

राखण्याची रक्कम त्या 3 एककांत मिळवून पुन्हा गणित करावे लागेल. ती आणखी 2 असेल तर मी सही करेन. 10 मागितले तर आपल्याच मार्गाने जाऊ.