मदत हवी आहे: निवृत्तीनंतर दोघांना 20 वर्षं 72 लाख पुरतील का?

सांगलीकर: मार्चमध्ये निवृत्त होतोय. घर स्वतःचं, कर्ज नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी, एफडी धरून 72 लाख जमतील. पीएफची पेन्शन 3,000. पासबुक बघून महिन्याचा खर्च 28,000 काढलाय. महागाई धरून वीस वर्षं निघतील?

बंड्या: आरामात! 72 लाखांवर 7 टक्के म्हणजे महिना 42,000 व्याज. मुद्दलाला हातच लागत नाही.

आकडेमोड: बंड्या, पहिल्या वर्षापुरतं बरोबर आहे. 6 टक्के महागाईत आजचे 28,000 बारा वर्षांत 56,000 होतात, व्याज तिथंच राहतं.
पण सांगलीकर, मला आधी 28,000 च पटत नाहीत. मेडिक्लेमचा हप्ता त्यात आहे का? घरपट्टी, आहेर?

सांगलीकर: सौ.ला वही घेऊन बसवलं. मेडिक्लेम 62,000, घरपट्टी आणि गाडीचा विमा-सर्व्हिसिंग 22,000, प्रवास-आहेर 40,000, घरातली दुरुस्ती 20,000. वर्षाचे 1,44,000! म्हणजे महिना 40,000 च झाले की.

नानी: आमच्या सोसायटीत मेंटेनन्सच 6,500 आहे. आणि लिफ्ट बंद!

आकडेमोड: आता वर्षाचे 4.8 लाख धरा. कर जाऊन 7 टक्के परतावा, महागाई 6. एक्सेलमध्ये हे टाका:

```
=PV(1.07/1.06-1,20,-480000,0,1)
```

उत्तर सुमारे 88 लाख. परतावा आणि महागाई सारखीच निघाली तर सरळ वीस पट, 96 लाख. पेन्शन वाढत नाही, त्यामुळे वीस वर्षांची मिळून तिची आजची किंमत जेमतेम 4 लाख. म्हणजे 12 लाख कमी पडतात. खर्च 35,000 वर आणलात तर मात्र 77 लाखांत भागतं, तुमच्याकडे पेन्शन धरून 76 आहेत.

बंड्या: मग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दोघांच्या नावावर 30-30 लाख टाका, 8.2 टक्के आहे.

आकडेमोड: तो दर पाच वर्षांपुरताच बांधलेला, पुढे मुदत वाढवताना त्या वेळचा दर लागेल. व्याजावर करही आहे. म्हणून वीस वर्षांचं गणित 8.2 वर मांडू नका. आणि वहिनींचं वय किती?

सांगलीकर: 54. मी 60.

आकडेमोड: मग त्यांच्या नावाने खातं आत्ता निघणार नाही. शिवाय वीस वर्षांनी तुम्ही 80 चे, वहिनी 74 च्या. माझ्या आईने 91 पाहिली. वीस वर्षं नक्की कोणाची मोजताय?

सांगलीकर: हे डोक्यातच आलं नव्हतं. 26 वर्षं टाकून बघतो. मेडिक्लेमचा हप्ता गेल्या वर्षी 51,000 होता, यंदा 62,000. त्याला 6 टक्के कसे लावू?

आकडेमोड: नका लावू. ती ओळ वेगळी काढून 10 टक्क्यांनी चालवा. मी स्वतः 12 धरतो, पण इथं कुणाचंच एकमत नाही.